गेलेल्या माणसाच्या फोनमधले फोटो: घरच्यांनी कोणत्या क्रमाने काय करावं

अण्णा गेले त्या सकाळी आईनेच त्यांचा फोन उघडला. त्यात तिचं बोट नोंदवलेलं होतं, कारण औषधांच्या वेळा आणि गॅसचं बुकिंग तीच बघायची. आम्ही त्या फोनमधून नातेवाइकांचे नंबर काढले, कळवायचं त्यांना कळवलं आणि फोन कपाटावर ठेवून दिला. दुसऱ्या रात्री तो बॅटरी संपून बंद पडला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. तेरावा झाल्यावर चार्जिंगला लावला तेव्हा त्याने पिन मागितला. आईने बोट लावलं, पुन्हा लावलं, पदराला पुसून पुन्हा लावलं. फोन उघडला नाही. त्यात नातवाच्या बारशाचे फोटो होते आणि ते दुसरीकडे कुठेच नाहीत, असं आम्हाला तेव्हा वाटत होतं.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत मला जे शिकावं लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. क्रमाला महत्त्व आहे, कारण यातल्या काही गोष्टी पहिल्या तीन दिवसांतच करता येतात.

पहिले तीन दिवस: फोन बंद पडू देऊ नका

आजच्या फोनमधला सगळा साठा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असतो. फोन बंद होऊन सुरू झाला की हे कुलूप फक्त पिन, पॅटर्न किंवा पासवर्डने उघडतं. एकदा ते उघडलं की त्यानंतर बोटाचा ठसा किंवा चेहरा चालतो. बॅटरी संपणं म्हणजे फोन बंद होणंच, म्हणून आईचं बोट त्या क्षणापासून निरुपयोगी झालं. फोन चालू राहिला तरी ही सवलत फार काळ टिकत नाही. अँड्रॉइडवर शेवटचा पिन टाकल्यापासून साधारण ७२ तासांनी तो पुन्हा मागितला जातो. आयफोन ४८ तास उघडलाच नाही तर पासकोड मागतो.

म्हणून घरातल्या एका शहाण्या माणसाकडे एवढंच काम द्या: फोन चार्जरला लावायचा, घरच्या वायफायवर राहू द्यायचा, रीस्टार्ट करायचा नाही, सिम काढायचं नाही. वायफायवर असलेल्या फोनमध्ये गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर न चढलेले फोटो या काळात आपोआप वर चढतात. मग घरात विचारा, या फोनमध्ये आणखी कुणाचं बोट आहे? बायकोचं, मुलाचं, क्वचित शेजारच्या कॉलेजातल्या मुलाचंही असतं, कारण फोन त्यानेच सुरू करून दिलेला असतो. बोट चालत असेल तर त्याच दिवशी फोटो उतरवून घ्या. आम्ही फोन उघडला होता, हातात घेतला होता आणि फक्त नंबर काढले. ही चुटपुट मला अजून आहे.

पिन माहीत नसेल तर

पहिली चूक आमच्या आतेभावाने केली. त्याने जन्मसाल, घरनंबर, १२३४ असं भराभर टाकून पाहिलं. अँड्रॉइड काही चुकांनंतर ३० सेकंद थांबवतो आणि पुढे ही थांबण्याची वेळ वाढत जाते. काही फोनांत ठरावीक चुकांनंतर सगळं पुसून टाकायची सोय चालू केलेली असते. आयफोनवर मोजक्याच संधी मिळतात, नंतर तो बंद होतो, आणि तशी सेटिंग असेल तर दहाव्या चुकीला डेटा पुसला जातो. म्हणून आधी कागद घ्या. शक्य ते सगळे आकडे लिहा, आजवर टाकून पाहिलेल्यांवर काट मारा, आणि दिवसाला दोन-तीनच वापरा.

आकडे सुचण्याआधी घर शोधा. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना लिहून ठेवायची सवय असते. विमा कंपनीची डायरी, पंचांगाचं शेवटचं पान, बँकेच्या पासबुकाचं कव्हर, चष्म्याच्या डबीतली चिठ्ठी, कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारची जागा, सगळं पाहा. आम्हाला अण्णांचा पिन तीन आठवड्यांनी गॅसच्या जुन्या कार्डाच्या मागे सापडला. पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मो. लॉक', आणि पुढे त्यांच्या पहिल्या स्कूटरचा नंबर.

दुसरी चूक होता होता राहिली. एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात 'आठशे रुपयांत अनलॉक करून देतो' असं सांगितलं. मी विचारलं, "फोटो राहतील ना?" तो म्हणाला, "ताई, फोन चालू होईल." दुकानात अनलॉक म्हणजे बहुतेक वेळा फॅक्टरी रीसेट किंवा फ्लॅशिंग. त्यात फोन चालू होतो आणि आतलं सगळं कायमचं जातं. कुलुपाची किल्लीच नष्ट झाल्यामुळे मागाहून कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर ते परत आणू शकत नाही. दुकानात नेलाच तर हा एक प्रश्न आधी विचारा आणि उत्तर गोलमोल आलं तर फोन उचलून घरी या.

पिन नसतानाही मिळतात अशा दोन जागा आहेत. एक, मेमरी कार्ड. जुन्या अँड्रॉइडमध्ये सिमच्या ट्रेमध्येच ते असतं. कार्ड रीडरला लावून पाहा. कार्ड फोनच्या अंतर्गत साठ्याचा भाग म्हणून जोडलेलं किंवा एन्क्रिप्ट केलेलं असेल तर संगणक 'फॉरमॅट करू का' असं विचारतो. तेव्हा 'नाही' म्हणा आणि कार्ड परत फोनमध्ये ठेवा, कारण ते त्याच फोनमध्ये वाचता येतं. दोन, त्यांचं खातं उघडं असलेली दुसरी उपकरणं: घरातला लॅपटॉप, टॅब, जुना फोन. तिथल्या ब्राउझरमध्ये photos.google.com उघडून कोपऱ्यात कुणाचं नाव दिसतं ते पाहा. शिवाय घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये त्यांनी पाठवलेले फोटो बाकीच्यांच्या फोनमध्ये असतातच. ते सगळ्यांकडून मागवा आणि लवकर मागवा, कारण लोक जागा करायला ग्रुपमधले फोटो पुसतात.

सिम जिवंत ठेवा

हे फोटोंशी संबंधित वाटत नाही, पण आहे. खात्यात शिरण्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रीपेड सिम सलग ९० दिवस अजिबात वापरलं गेलं नाही आणि शिल्लक २० रुपयांपेक्षा कमी असेल तर ते बंद होऊ शकतं. पुढे तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो आणि तुमच्या वडिलांचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. व्हॉट्सॲपही साधारण १२० दिवस न वापरलेलं खातं काढून टाकतं. म्हणून छोटा रिचार्ज मारा, आणि महिनाभरात कंपनीच्या गॅलरीत जाऊन नंबर घरातल्या वारसाच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा, स्वतःचं ओळखपत्र आणि बाकी वारसांचं ना-हरकत पत्र बरोबर न्या. नवं सिम चालू झालं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. ओटीपी आला नाही म्हणून घाबरू नका.

ते सिम लगेच नव्या फोनमध्ये टाकून व्हॉट्सॲप सुरू करू नका. तसं केलं की जुन्या फोनवरचं खातं बाहेर पडतं. नव्या फोनवर जुना बॅकअप न घेता पुढे गेलात तर त्या रिकाम्या फोनचा बॅकअप जुन्याच्या जागी बसू शकतो. फोटो हाती येईपर्यंत जुना फोन आहे तसाच राहू द्या.

त्या फोनमधल्या यूपीआय ॲपला मात्र हात लावू नका. पिन माहीत असला तरी मृत माणसाच्या खात्यातून पैसे काढणं वारसांमध्ये आणि बँकेशी नको ते प्रश्न उभे करतं. पैशासाठी बँकेत नॉमिनी किंवा वारस म्हणून दावा करायचा, तो वेगळा रस्ता आहे.

फोन उघडला, आता उतरवायचं कसं

यूएसबी केबलने फोन संगणकाला जोडा आणि फोनवर आलेल्या सूचनेत File transfer निवडा. कॅमेऱ्याचे फोटो DCIM मध्ये, स्क्रीनशॉट आणि इतर ॲपचे Pictures मध्ये असतात. व्हॉट्सॲपचे इथे:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

हा अख्खा फोल्डर उचला. फोटो WhatsApp Images मध्ये असतात, त्यांनी स्वतः पाठवलेले त्याच्या आतल्या Sent मध्ये. आमच्या बाबतीत खरा खजिना WhatsApp Voice Notes मध्ये निघाला, 'पोचलीस का गं' अशा चार-चार सेकंदांच्या शेकडो फिती. व्हॉट्सॲपच्या फोटोंमधून मूळ तारीख निघून गेलेली असते, पण फाईलच्या नावात दिवस राहतो: IMG-20230412-WA0007.jpg म्हणजे १२ एप्रिल २०२३. म्हणून घाईने फाईलींची नावं बदलू नका.

बारशाचे फोटो आम्हाला केबलने मिळाले नाहीत. DCIM मध्ये शेवटच्या सहा महिन्यांचेच फोटो होते. अण्णांनी जागा कमी पडते म्हणून गूगल फोटोजमधलं Free up space दाबलेलं होतं, त्यामुळे जुने मूळ फोटो फक्त वर क्लाउडमध्ये होते. फोनवर गॅलरीत चित्र दिसतं आणि उघडताना क्षणभर धूसर होऊन मग स्पष्ट होतं, तर समजा की ते वरून येतंय. अशा वेळी त्याच खात्यातून takeout.google.com वर जायचं, सगळ्या खुणा काढून फक्त Google Photos निवडायचं आणि एक्स्पोर्ट मागवायचा. काही तासांनी, कधी दिवसाने, त्याच जीमेलवर लिंक येते. साठा मोठा असेल तर तो साधारण दोन-दोन जीबीच्या झिप फाईलींत येतो आणि लिंक आठवडाभरच चालते, म्हणून आली की लगेच उतरवा. फोटोंबरोबर .json शेपटीच्या फाईली येतात. कचरा समजून त्या टाकू नका, काही फोटोंची तारीख आणि ठिकाण त्यांतच असतं.

फोनवरून काहीही पुसू नका. गूगल फोटोजमध्ये फोनवरून पुसलेला फोटो क्लाउडमधूनही जातो. बॅकअप झालेला फोटो ६० दिवस Trash मध्ये राहतो, मग कायमचा जातो. 'नको ते फॉरवर्ड काढून टाकू' म्हणून बसलेल्या आमच्या दादाने अर्ध्या तासात देवाच्या चित्रांबरोबर अण्णांनी टिपलेली शेतातली विहीरही पुसली होती. ती Trash मधून परत आणली. निवड नंतर, प्रतींवर करा. प्रती दोन हव्यात, दोन वेगळ्या घरी.

हक्क कुणाचा

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की गोंधळ कमी होतो. फोन ही वस्तू आणि त्यातले त्यांनी काढलेले फोटो ही मालमत्ता आहे. छायाचित्रावरचा कॉपीराइटही भारतात काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि तो वारसांकडे जातो. खातं मात्र वारशाने येत नाही. तो कंपनी आणि त्या माणसातला करार असतो, म्हणून फोटो तुमचे असूनही कंपनी तुम्हाला पासवर्ड देणार नाही.

फोन एकट्या मोठ्या मुलाचा होत नाही, हेही आधी समजून घ्या. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आईसुद्धा येते. आमच्याकडे आजी आहे. म्हणून एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या: फोन कुणाच्या ताब्यात राहील, फोटो कोण उतरवेल, प्रती कुणाकुणाला मिळतील, खाजगी संदेश वाचले जाणार नाहीत. आजीचा अंगठा घेतला. वाद नसलेल्या घरातही हा कागद करावा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या उपकरणात शिरणं येतं आणि कलम ६६सी मध्ये अप्रामाणिकपणे दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं. उद्या भावकीत बिनसलं तर तुमचा हेतू काय होता हे हा कागद सांगतो. घरात आधीच वाद असेल तर सापडलेला पासवर्डही वापरू नका, थेट वकिलाकडे जा.

कंपनीकडे अर्ज

फोन हरवला, फुटला किंवा पिन सापडलाच नाही तर हा रस्ता. माझ्या मावसभावाला यानेच जावं लागलं, कारण काकांचा फोन अपघातात चुरडला होता.

आधी खात्याचा नेमका ईमेल पत्ता शोधा. तो चुकला तर पुढचं सगळं वाया. बऱ्याच जणांचं जीमेल फोन घेताना दुकानदारानेच काढून दिलेलं असतं आणि माणसाला स्वतःलाही तो पत्ता माहीत नसतो. विजेच्या ऑनलाइन बिलावर, घरच्या टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये किंवा मुलांना कधीकाळी आलेल्या एखाद्या मेलवर तो सापडतो.

गूगलचा अर्ज support.google.com/accounts/troubleshooter/6357590 इथे आहे. त्यात खातं बंद करणं, पैशाबद्दलची विनंती आणि डेटा मागणं असे पर्याय येतात. फोटो हवे असतील तर डेटाचाच निवडा. खातं बंद करण्याचा निवडलात तर फोटोही जातील. मृत व्यक्तीचं नाव, ईमेल, मृत्यूची तारीख, तुमचं नाव-पत्ता, तुमचं ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला लागतो. जे कागद इंग्रजीत नाहीत त्यांचं प्रमाणित भाषांतर नोटरी करून जोडा. दाखल्यावरचं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं असेल, जसं दाखल्यावर 'दत्तात्रय' आणि जीमेलवर 'दत्ता', तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. अर्ज केला म्हणजे डेटा मिळालाच असं नाही. तपासून निर्णय होतो आणि कोर्टाचा आदेश मागितला जाऊ शकतो.

महाराष्ट्रात इथे लोक हमखास चुकीचा दाखला काढतात. सक्सेशन सर्टिफिकेट हे येणी आणि रोखे यांसाठी असतं, म्हणजे बँकेतले पैसे, शेअर वगैरे. फोटो त्यात बसत नाहीत. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठप्रमाणे दिवाणी न्यायालयातून मिळणारा वारस दाखला तुम्ही मृताचे वारस आहात एवढं सांगतो, आणि या कामाला तो जवळचा आहे. त्यासाठी जाहीर नोटीस निघते, हरकतीची मुदत जावी लागते, त्यामुळे काही महिने धरून चाला. गोव्यात वारस ठरवण्याची पद्धत निराळी आहे, तिथे २०१२ च्या वारसा कायद्याखाली विशेष नोटरीसमोर वारसांचा दस्त होतो.

ॲपलचं अधिक नेमकं आहे. त्या माणसाने हयातीत तुम्हाला लेगसी कॉन्टॅक्ट नेमलं असेल तर त्याने दिलेली ॲक्सेस की आणि मृत्यूचा दाखला digital-legacy.apple.com वर द्यायचा. मंजुरीनंतर तीन वर्षं आयक्लाउडमधले फोटो पाहता-उतरवता येतात, मग खातं पुसलं जातं. साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत. नेमलं नसेल तर कोर्टाचा आदेश लागतो, आणि त्यात काय लिहिलेलं हवं ते ठरलेलं आहे: मृताचं नाव आणि ॲपल आयडी, अर्जदाराचं नाव, त्या आयडीशी जोडलेली खाती मृतच वापरत होता, अर्जदार कायदेशीर वारस आहे आणि त्याची संमती कायदेशीर मानावी, आणि ॲपलने मदत करावी असा हुकूम. वकिलाला हे मुद्दे लिहून द्या. नुसता वारस दाखला नेलात तर पुन्हा कोर्टात जावं लागेल. आदेश मिळाला तरी पासकोडने बंद असलेला आयफोन ॲपल उघडून देत नाही. तो पुसूनच पुन्हा वापरता येतो, म्हणून मिळेल ते आयक्लाउडमध्ये चढलेलं तेवढंच.

वेळेचं भान ठेवा. दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातं कंपनी डेटासकट काढून टाकू शकते. मावसभावाचा वारस दाखल्याचा अर्ज सध्या कोर्टात आहे, आणि काका गेल्याला सव्वा वर्ष झालं, म्हणून आम्ही तारखा मोजतो आहोत.

फेसबुकबद्दल थोडक्यात: तिथे दाखला देऊन खातं स्मृतीखातं करता येतं किंवा काढून टाकता येतं, आत शिरायला मिळत नाही. त्यामुळे भिंतीवरचे फोटो आधी उतरवून घ्या, मग अर्ज करा.

आईच्या फोनवर आम्ही काय केलं

myaccount.google.com/inactive उघडलं. खातं किती काळ वापरलं नाही तर निष्क्रिय समजायचं ते विचारतं: ३, ६, १२ किंवा १८ महिने. आईने ३ निवडले. नंतर जास्तीत जास्त दहा माणसांची नावं देता येतात आणि प्रत्येकाला काय काय मिळावं तेही ठरवता येतं. आईने माझं आणि दादाचं नाव दिलं, फोटोंवर खूण केली आणि मेलवरची काढली. "माझी पत्रं कशाला वाचायची तुम्हाला," म्हणाली. मुदत संपायच्या आधी गूगल तिला स्वतःला एसएमएस आणि मेलने विचारेल, म्हणून तिचा चालू नंबर तिथे तपासून घेतला. मग तिने गॅसच्या त्याच जुन्या कार्डावर, अण्णांच्या पेन्सिलीच्या ओळीखाली, आपला पिन लिहिला आणि कार्ड पुन्हा डब्यात ठेवलं.